दोन तारखांचा फ्रिज

प्रफुलला भावाच्या दुकानाचा राग यायचा तो पाटीपासूनच. आर्वीच्या डेपोतून बाहेर पडलं की उजव्या हाताला ती लाल पाटी दिसायची. मान दुसरीकडे वळवली तरी दिसायची. 'निकेश सेल्स'. खाली बारीक अक्षरात फ्रिज, टीव्ही, कूलर. बापाचं नाव नाही, मोठ्या भावाचं नाही, आडनावसुद्धा नाही. नुसता निकेश. आणि बाप, म्हणजे मोतीलालजी, रोज सकाळी आंघोळ करून त्याच पाटीखाली गादीच्या खुर्चीवर जाऊन बसायचे, जणू त्यांना एकच पोरगा झाला होता.

मोठा प्रफुल होता. बी.कॉम.ही तोच होता. पण आर्वीची जागा घ्यायची वेळ आली तेव्हा मोतीलालजी म्हणाले, "निकेशची जीभ गोड हाय, गिऱ्हाईक त्याच्याकडे येते. तू रोहण्याचं किराणा पाह्य." संपलं. तेव्हापासून प्रफुल रोहणा गावातल्या दुकानात गूळ आणि तेल मोजत होता आणि मनातल्या मनात भावाचे फ्रिज मोजत होता. गावात कोणाकडे टेम्पोतून नवा फ्रिज उतरला की त्याच्या पोटात काहीतरी उतरायचं. त्याचं नाव त्याला माहीत होतं, पण तो ते घेत नसे.

त्याची एकच गोष्ट निकेशकडे नव्हती. प्रफुलला लिहिता येत होतं. गावातल्या कोणाला वीज मंडळाला अर्ज द्यायचा असो की तहसीलदाराला, लोक त्याच्या दुकानात यायचे. तो गोड लिहीत नसे. "आपल्या खात्याचा निष्काळजीपणा" असं सरळ लिहायचा, आणि पुष्कळदा काम व्हायचं.

२००८ च्या ऑक्टोबरात, सोळा तारखेला भर दुपारी, बबनराव दुकानात आले. सोबत मुलगा चंदन, आर्वी डेपोत कंडक्टर, ड्यूटीच्या खाकी कपड्यातच. बबनराव पोत्यावर बसले आणि आधी पाणी मागितलं.

"प्रफुलभाऊ, एक पत्र लिहून द्या."

"कोणाले, काका?"

बबनरावांनी चंदनकडे पाहिलं. चंदनने चपलेकडे पाहिलं.

"निकेशच्या दुकानाले," बबनराव म्हणाले.

प्रफुलच्या हातातलं गुळाचं फडकं तसंच राहिलं. त्याने चेहरा साधा ठेवला. पण आत कुणीतरी दिवाळीचा पहिला फटाका लावला होता.

"काऊन? का झालं?"

हकिकत अशी. मागच्या वर्षी विमलाबाईंची साखर फार वाढली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी इन्सुलिन लावलं आणि ते थंड जागेत ठेवा म्हणून बजावलं. म्हणून बबनरावांनी फ्रिज घेतला. आता आठ तारखेपासून तो थंडच होईना. लाइट लागतो, आवाज येतो, पण आत ठेवलेलं दूधही दुपारी फाटतं. दुकानाला फोन केला. तेरा तारखेला मेकॅनिक आला.

"म्हणे गॅस निघून गेला," चंदन म्हणाला. "कंप्रेसर चांगला हाय म्हणे. कंप्रेसर गेला असता त पाच वर्ष फुकट होतं. गॅस एकच वर्ष."

"म्हणजे कंप्रेसर चांगला राह्यला हाच गुन्हा झाला!" बबनराव म्हणाले. "अन् निकेश म्हणे, काका, तुमची वॉरंटी सरली. मी म्हटलं, अबे, कार्डावर त दसऱ्याची तारीख हाय. त म्हणे, कार्ड सोडा, बिल पहा."

"कार्ड कोठी हाय?"

"मेकॅनिकनं नेलं, बिलासकट. कंपनीले दाखवतो म्हणे." चंदनने खिशातून मोबाइल काढला. "पण मी देल्याआधी फोटो काढले. दोन्ही बाजूचे कार्डाचे, एक बिलाचा. आमच्या धंद्यात कागद हातचा गेला की माणूस खोटा पडते."

प्रफुलला त्या क्षणी चंदनला मिठी मारावीशी वाटली.

"अन् काकूचं इन्सुलिन?"

"मडक्यात ओली रेती टाकून, पिशवीत बांधून ठेवली बाटली," बबनराव म्हणाले. "पण या उकाड्यात मडकं किती थंड राहीन? परवा साखर साडेतीनशे निघाली. डॉक्टर म्हणे, औषध गरम होऊन राह्यलं, अर्धं काम करते."

संध्याकाळपर्यंत दोघं त्या बोटभर पडद्यावर वाकून बसले. चंदन बटण दाबून फोटो मोठा करायचा, मग एक ओळ दिसायची. ती वाचून झाली की बाजूला सरकवायचा. कार्डाच्या मागची कलमं इंग्रजीत, मुंगीएवढी. प्रफुलने डिक्शनरी काढली आणि एकेक कलम मराठीत वहीत उतरवलं. कलम एक: खरेदीच्या तारखेपासून बारा महिने संपूर्ण फ्रिजची दुरुस्ती विनामूल्य, गॅस भरण्यासकट. कलम दोन: त्यानंतर चार वर्षं फक्त कंप्रेसर, गॅस आणि मजुरी ग्राहकाची. कलम पाच: खरेदीची तारीख म्हणजे कार्डावर विक्रेत्याने नोंदवलेली आणि बिलाशी जुळणारी तारीख.

"बिलाशी जुळणारी," प्रफुलने बोट ठेवलं. "इथंच गाडी फसली. बिलाचा फोटो दाखव."

बिलावर तीन ऑक्टोबर २००७. कार्डाच्या पुढच्या बाजूवर एकवीस ऑक्टोबर २००७, फ्लॅशच्या चकाकीत पुसट, पण आकडे कळत होते. बिल धरलं तर वॉरंटी दोन ऑक्टोबरला संपली, फ्रिज आठला बिघडला. कार्ड धरलं तर वीस ऑक्टोबरपर्यंत होती. अजून चार दिवस.

"एका फ्रिजले दोन तारखा कशा?"

"तुमच्या काकूमुळं," बबनराव ओशाळून हसले. "डॉक्टरनं तातडी केली, अन् तवा पितृपक्ष चालू. तुमची काकू म्हणे, पितरायच्या पंधरवड्यात आणलेली वस्तू टिकत नाई. म्हटलं, इन्सुलिन पितरायसाठी थांबन का? फ्रिज आणला. पण कार्ड दुकानातच राहू देलं. दसऱ्याले जाऊन आणलं, तारीख दसऱ्याची टाकून. म्हणजे कागदावर तरी वस्तू दसऱ्याची."

प्रफुलला हसू आलं नाही. त्याची नजर कलम आठवर होती. विक्रेत्याने कार्ड विक्रीच्या वेळीच पूर्ण भरून, शिक्का व सही करून ग्राहकाच्या हाती द्यावे. जबाबदारी विक्रेत्याची. ग्राहक काहीही म्हणो, पितर म्हणो की भूत म्हणो, विक्रेत्याने त्याच दिवशी खरी तारीख टाकायची होती. टाकली नाही. स्वतःच दोन तारखा दिल्या, आणि अडचण आल्यावर स्वतःला सोयीची धरली.

"काका, तुमी निश्चिंत राहा," तो म्हणाला. "असं पत्र लिहितो का आर्वीत वाचलं जाईन."

चंदनने मेमरी कार्ड काढून दिलं. फोटोचे प्रिंट आर्वीच्या स्टुडिओत निघाले असते, ते पत्राला जोडायचे होते.

रात्री जेवण झाल्यावर प्रफुलने कच्चं पत्र लिहिलं, आणि आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं असं लिहिलं. "आपण एकाच वस्तूला दोन तारखा देऊन एका आजारी स्त्रीची जाणूनबुजून फसवणूक केली आहे. आपल्या दुकानात बेजबाबदार, अडाणी व लबाड माणसे कार्ड भरतात असे दिसते." खाली कलमं एक, पाच, आठ. त्याखाली ग्राहक मंचाचा इशारा. त्याने ते बायकोला, रक्षाला, वाचून दाखवलं.

"हे बबनकाकानं लिहिलं का तुमी?" रक्षा म्हणाली.

"बबनकाकासाठी मी लिहिलं."

"मग इतका आनंद कोणाले होऊन राह्यला?"

त्याने वही मिटली आणि झोपला. बऱ्याच दिवसांनी शांत झोपला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी सकाळच्या गाडीने तो आर्वीला गेला. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर फोटो उघडला, कार्डावरची चकाकी थोडी खाली आणली आणि तिन्हीचे मोठे प्रिंट काढून दिले. प्रफुलने पायरीवर उभं राहून कार्डाचा प्रिंट पाहिला. निकेश सेल्सचा शिक्का. मॉडेल, नंबर. तारीख एकवीस, दहा, सात. आणि तारखेच्या डोक्यावर, कार्डाच्या कोपऱ्यात, बारीक पण नीट काढलेली 'श्री'.

पायरीवरून माणसं वर-खाली करत होती. प्रफुल हलला नाही.

कागदावर हात टेकवायच्या आधी श्री काढायची हे मोतीलालजींनी दोघा पोरांना शिकवलं होतं. निकेशने ते कधीचंच सोडलं होतं. आमच्या बिलबुकात श्री छापूनच येते म्हणायचा. रोहण्यात उधारीच्या चिठ्ठीवरसुद्धा श्री काढणारा एकच माणूस उरला होता. सातच्या पोटात आडवी रेघ मारणाराही तोच.

मग सगळं वर आलं. मागच्या दसऱ्याला मोतीलालजींनी फर्मान काढलं होतं, गर्दी हाय, प्रफुलले बोलवा. प्रफुल आला. निकेश नवा सफारी घालून दारात उभा, येणाऱ्याला पेढा आणि आपट्याचं पान देत होता. आणि वीस गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाला होता, "दादा, तू मागं बस, कार्ड भर. तुहं अक्षर चांगलं हाय." मोठ्या भावाला मागे बसवला. प्रफुल दिवसभर धगधगत बसला आणि पुढ्यात येईल ते कार्ड भरत गेला. बिल बघितलं नाही. कोणी म्हटलं आजची तारीख टाका, टाकली. कोणाचा चेहराही त्याने पाहिला नव्हता, कारण त्याचा डोळा सारा वेळ दारातल्या सफारीवर होता.

बेजबाबदार, अडाणी व लबाड माणसे कार्ड भरतात असे दिसते.

घरी न जाता तो थेट बबनरावांकडे गेला. विमलाबाई खाटेवर बसून पाय चोळत होत्या. कोपऱ्यात फ्रिज उभा, दार उघडं, आत कांदे ठेवलेले. त्याच्या शेजारी जमिनीवर ओल्या फडक्याचं मडकं.

"काका, दसऱ्याले कार्ड आणायले कोण गेलतं?"

"मीच." बबनराव चकित झाले. "तुमीच त देलं, प्रफुलभाऊ. मी म्हटलं आजची तारीख टाका, तुमी टाकली. अक्षर तुमचं हाय म्हणून त तुमच्याकडं आलो. दुसऱ्याले कितीही सांगा, त्याले कसं समजन?"

"काल काऊन नाई बोलले?"

"मले वाटलं तुमाले आठवतेच! निकेशच्या घरातलंच माणूस पत्र लिहून देते म्हणजे मोठं मन हाय, असं ह्या म्हणत होत्या."

विमलाबाईंनी मान हलवली. "तुमची माय सुलोचनाबाई अशीच होती. लपवालपवी नाई."

प्रफुल उठला.

घरी त्याने रक्षासमोर प्रिंट ठेवला. तिने पाहिलं आणि तिला लगेच कळलं.

"मग?"

"मग काय. आठवं कलम काढून टाकतो. नुसती विनंती लिहितो, माणुसकीच्या नात्यानं वगैरे. आठवं ठेवलं त तो म्हणन, कार्ड भरणारा हाच. बाबूजीच्या देखत म्हणन."

"अन् आठवं काढलं त पत्रात राह्यते काय?"

काही राहत नव्हतं. हे त्याला तिच्याहून जास्त माहीत होतं. पाचव्या कलमाने बबनरावांचा दावा मारला होता आणि आठव्यानेच तो जिवंत होत होता. आठवं काढलं की एक म्हातारा उरतो, दिवाळीच्या गर्दीत फ्रिजसाठी हात जोडणारा.

"काल निकेशभाऊजीले लबाड म्हणायले पेन कसा सरसर चालत होता," रक्षा म्हणाली. "आता आपलं नाव आलं त काकूची सुई गरम होऊ द्यायची?"

त्याने वही भिरकावली. मग उचलली. बायको खरं बोलली की त्याला नेहमी राग यायचा, आणि राग आला की त्याला नेहमी लिहिता यायचं.

पत्र त्याने पुन्हा लिहिलं. वर श्री काढली.

"प्रति, निकेश सेल्स, आर्वी. विषय: वॉरंटीच्या मुदतीत बिघडलेल्या फ्रिजमध्ये गॅस भरून देणेबाबत. मी आपल्याकडून सोबतच्या बिलाप्रमाणे फ्रिज घेतला. बिलाची तारीख ३/१०/२००७, वॉरंटी कार्डाची तारीख २१/१०/२००७. दोन्ही कागद आपल्याच दुकानाचे आहेत व कार्डावर आपला शिक्का आहे. कलम ८ प्रमाणे कार्ड विक्रीच्या दिवशी भरून देणे ही विक्रेत्याची जबाबदारी होती. ते अठरा दिवसांनी व वेगळ्या तारखेने भरून देण्यात आले. ती तारीख मी सुचवली हे खरे, पण कार्ड कसे भरावे हे जाणणे माझे काम नव्हते. कार्डावरील तारखेवर विसंबून मी राहिलो. फ्रिज ८/१०/२००८ रोजी बिघडला, व त्याच दिवशी आपणास फोनने कळवले. तेव्हा कार्डाप्रमाणे मुदत बाकी होती. कलम १ प्रमाणे गॅस विनामूल्य भरून मिळावा. घरात इन्सुलिन ठेवावे लागते, म्हणून ही बाब थांबू शकत नाही. पंधरा दिवसांत दुरुस्ती न झाल्यास जिल्हा ग्राहक मंच, वर्धा येथे दाद मागीन. मूळ कार्ड व बिल आपल्या ताब्यात आहेत, त्यांची पोच द्यावी."

त्याखाली बबनरावांच्या सहीची जागा सोडली. आणि वेगळ्या कागदावर चार ओळी: "वरील कार्डावरील तारीख दसऱ्याच्या दिवशी निकेश सेल्सच्या वतीने मी स्वतः, बिल न पाहता, टाकली आहे. अक्षर माझे आहे. गरज पडल्यास मंचासमोर येऊन सांगेन. प्रफुल मोतीलाल."

लबाड हा शब्द कुठेच बसला नाही. त्याने बसवायचा प्रयत्न केला होता.

शनिवारी, अठरा तारखेला, बबनराव आणि तो दुकानात शिरले तेव्हा दिवाळीची गर्दी होती. मोतीलालजी खुर्चीवर. निकेश एका नव्या जोडप्याला फ्रिजचं दार उघडून दाखवत होता, आणि ते दार उघडताना असा हसत होता की जणू आतली थंडी त्यानेच तयार केली. प्रफुलच्या पोटात पुन्हा तेच उतरलं. सत्य लिहून आणलं म्हणून मत्सर काही घरी राहिला नव्हता.

"दादा! काका! या, या. चहा सांगतो."

"चहा नको. पत्र हाय. पोच पाह्यजे." प्रफुलने दोन प्रती काउंटरवर ठेवल्या.

निकेशने वाचलं. पहिलं पान हसत वाचलं, दुसऱ्या कागदावर हसू थांबलं. त्याने जोडप्याला नोकराकडे सोपवलं, काउंटरचा ड्रॉवर ओढला आणि आतून एक कार्ड काढून ठेवलं. मूळ कार्ड. बिल त्याला टाचलेलं.

"कंपनीले गेलंच नाई?" प्रफुलने विचारलं.

"नाई पाठवलं. मेकॅनिकनं आणलं, मी श्री पाह्यली अन् ड्रॉवरमंदी टाकलं." निकेश हळू बोलत होता. "दोन तारखा पाहून कंपनी विचारते, कार्ड कोणी भरलं? मी काय सांगू, माह्या भावानं? उद्या डीलरशिपवर आलं त बाबूजी तुलेच बोलले असते. म्हणून म्हटलं वॉरंटी सरली. बिलाप्रमाणे खोटं थोडीच होतं?"

"म्हणजे मले वाचवायले काकूले मारलं?"

"मले काय माहीत इन्सुलिनचं? काका काही बोलले नाई."

"फ्रिज घेताना बोललो होतो, बापू," बबनराव म्हणाले. "तुमी पेढे वाटत होते... नाई, ते दसऱ्याले. तवा तुमी फोनवर होते."

मोतीलालजी खुर्चीतून वाकले. "काय चालू हाय? कोणाचं पत्र?"

"ग्राहकाचं, बाबूजी," प्रफुल म्हणाला. "अन् चूक माही. मागच्या दसऱ्याले मी बिल न पाहता कार्ड भरलं."

बापाने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुले मी किराण्यात बसवलं ते काही उगाच नाई."

वीस वर्षं प्रफुल ज्या वाक्याची वाट पाहत घाबरला होता ते हेच. आलं. आश्चर्य म्हणजे जीव गेला नाही.

"बाबूजी, चूक दुकानाची हाय," निकेश म्हणाला. "दादाले मीच बसवलं होतं." त्याने फोन उचलून मेकॅनिकला उद्या सकाळी रोहण्याला जायला सांगितलं. गळती शोधून, जोड मारून, गॅस भरायचा, खर्च दुकानाचा. मग पत्राच्या दोन्ही प्रती पुढे सरकवल्या. "झालं. हे परत ने, दादा. फाडून टाक."

"फाडत नाई. पोच दे. मुदत सोमवारी सरते. तुहा मेकॅनिक उद्या आला नाई त?"

"भावाच्या दुकानात पोच मागतं?" मोतीलालजी ओरडले. दोन गिऱ्हाइकांनी मागे वळून पाहिलं.

"भाऊ म्हणून नाई आलो, बाबूजी."

निकेशने शिक्का काढला, शाईच्या गादीवर दाबला आणि दुसऱ्या प्रतीवर मारला. तारीख टाकली. सही केली. प्रफुलने तारीख दोनदा तपासली.

"पत्र मात्र जबरदस्त लिहिलं," निकेश प्रत देताना म्हणाला. "कंपनीशी पत्रव्यवहार करायले मले असाच माणूस पाह्यजे. येत जा ना हप्त्यातून दोन दिवस."

हे तो मनापासून म्हणाला, आणि नेमकं तेच प्रफुलला सोसलं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ड्रॉवरमध्ये लपवलेलं कार्ड, बापापुढे घेतलेली बाजू, आणि आता वर ही नोकरी. निकेश चुकत असतानाही त्याच्याहून मोठा दिसत होता, हे कुठल्या कलमात बसतं?

"मागं बसून का?" प्रफुलने विचारलं, आणि बबनरावांना घेऊन पायऱ्या उतरला.

रविवारी मेकॅनिक आला. मागच्या पाइपाला बारीक भोक होतं, ते झाळून गॅस भरला. सोमवारी संध्याकाळी बबनरावांनी प्रफुलला बोलावून नेलं. मडकं अंगणात पालथं पडलं होतं. विमलाबाईंनी फ्रिजचं दार उघडलं, इन्सुलिनची बाटली वरच्या कप्प्यात होती. दाराच्या खणातून त्यांनी पाण्याची बाटली काढून पेला भरला.

"घ्या. साखर कमी आली आज सकाळी. निकेशभाऊ देवमाणूस निघाला बाई. मुदत सरली होती तरी एक पैसा नाई घेतला. अन् मेकॅनिकसोबत पेढ्याचा डब्बा पाठवला. मी त म्हटलं, पेढे मले चालत नाई, पण मन पहा त्याचं!"

बबनरावांनी घसा खाकरला. "अवं, पत्र प्रफुलभाऊनं..."

"हो, पत्र त यायनं लिहिलंच," विमलाबाई म्हणाल्या. "पण करणारा तो ना."

प्रफुलच्या शर्टाच्या खिशात शिक्का मारलेली प्रत होती, घामाने मऊ झालेली. काढावी आणि कलम आठ मोठ्याने वाचावं असं त्याला वाटलं. हात खिशापर्यंत गेलाही. मग त्याने पेला तोंडाला लावला.

पाणी थंडगार होतं. दात दुखले इतकं थंड.

"अजून देऊ?" विमलाबाईंनी विचारलं.

"द्या," तो म्हणाला.